माझ्याच पैशांसाठी मी अर्जदार का?

कर चुकवणाऱ्याला सरकारने जरूर पकडावे. माझी हरकत आहे ती, जेमतेम दीड हजार रुपये कर लागत असताना दीड लाख कापून घेणाऱ्या पद्धतीला. मी दुबईत नोकरी करतो आणि पुण्यात कोथरूडला माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा माझा हिशेबच इथे मांडतो.

भाडे महिना ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. भारतात माझे दुसरे उत्पन्न नाही. घरमालक अनिवासी असला की भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, असा एकूण ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. वर्षभरात माझे १,४९,७६० रुपये कापले गेले.

आता खरा कर बघा. महापालिकेला भरलेला मिळकतकर १२,००० रुपये. तो वजा जाता ४,६८,००० राहिले. यातले ३० टक्के, म्हणजे १,४०,४०० रुपये, कायदा स्वतःच सरसकट सोडून देतो. त्यासाठी एक पावतीही मागत नाही. करपात्र उरले ३,२७,६००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी पहिल्या तीन लाखांवर कर नव्हता. वरच्या २७,६०० वर ५ टक्के आणि उपकर धरून माझा कर झाला १,४४० रुपये. परत मागायचे १,४८,३२०.

त्याच इमारतीत तेवढेच भाडे घेणाऱ्या निवासी मालकाचा एक रुपयाही कापला जात नाही. त्याचे भाडे महिना ५०,००० च्या वर गेले, तरच कपात होते आणि तीही ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. मला मात्र पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के. परताव्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळते, पण ते वर्ष संपल्यावर, १ एप्रिलपासून मोजतात आणि तेही विवरणपत्र मुदतीत भरले तर. एप्रिल २०२४ मध्ये कापलेले पैसे सरकारने पुढचे वर्षभर बिनव्याजी वापरले.

भाडेकरूची वेगळीच फरफट. माझ्याकडे राहणाऱ्या तरुण जोडप्याने टॅन काढायचा, दर महिन्याची कपात पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, दर तिमाहीला फॉर्म २७ क्यू दाखल करायचा आणि मला १६ ए द्यायचा. २७ क्यू ला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क. भाड्याने राहण्यासाठी कोणाला करखात्याचे बिनपगारी कारकून व्हावे लागू नये.

परतावा अडतो तोही इथेच. भाडेकरूने पैसे भरले, पण २७ क्यू दिला नाही किंवा माझा पॅन चुकवला, तर ती रक्कम माझ्या २६ एएस मध्ये दिसत नाही. शेवटच्या तिमाहीची मुदत ३१ मे असते. म्हणून जूनमध्ये चारही तिमाह्यांचे आकडे भाड्याशी ताडून पाहावेत आणि चूक असल्यास भाडेकरूकडून दुरुस्त २७ क्यू भरून घ्यावा. मग आयटीआर-२ भरायचा: अनिवासी हा दर्जा निवडायचा, भाडे पूर्ण ४,८०,००० दाखवायचे, हातात आलेले नाही. परताव्यासाठी आपले एनआरओ खाते आधी पडताळून घ्यायचे. भरल्यावर ३० दिवसांत विवरणपत्राची पडताळणी केली नाही, तर ते वेळेत भरल्याचे धरले जात नाही, आणि आधार ओटीपी भारतातल्या बंद पडलेल्या नंबरावर गेला तर तोही मार्ग बंद. परदेशी जाताना तो नंबर चालू ठेवा.

या त्रासामुळे अनेक मालक भाडेकरूला सांगतात, ‘कापू नका, मी बघतो.’ हे नीच आहे. कपात न केल्याची वसुली, व्याजासह, भाडेकरूवर निघू शकते आणि मालक दूर देशी सुखरूप असतो. ज्याला कपात कमी हवी, त्याने फॉर्म १३ भरून कमी दराचा दाखला घ्यावा. पण तो दाखला निघाल्या तारखेपासूनच लागू होतो, त्या भाडेकरूच्या टॅनपुरता असतो आणि दर वर्षी नव्याने मागावा लागतो. म्हणून अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करावा.

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. जी ३० टक्के वजावट कायदा कुणालाही पुराव्याशिवाय देतो, ती कपातीच्या वेळीच द्या, लहान भाड्यांना निवासी मालकासारखी मर्यादा लावा आणि भाडेकरूला टॅनऐवजी पॅनवर एका चलनाने कर भरू द्या. निवासी मालकाच्या भाडेकरूला ही सोय आजही आहे. १,४४० रुपयांच्या करासाठी १,४९,७६० रुपये अडकवणे ही करवसुली नाही, सक्तीची उचल आहे.