सौर पॅनेलची काच कोठे गेली?

बंगळूरपासून सुमारे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, तुमकूर जिल्ह्यातील पावगडा येथे २०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या सुमारे तेरा हजार एकरांवर काळी पॅनेल मांडलेली आहेत. विजेचे आकडे सरकार अभिमानाने सांगते. आम्ही दुसरा हिशेब मांडतो. एक पॅनेल ३२० वॅटचे व वीस किलोचे धरले, तर तेथे किमान चौसष्ट लाख पॅनेल, म्हणजे सव्वा लाख टनांहून अधिक माल आहे. तो एक दिवस खाली उतरवावा लागेल. तो कोण उतरवणार आणि कोण फोडणार?

पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे, तेव्हा घाई कसली, असे मालकवर्ग म्हणतो. हे अर्धसत्य आहे. वाहतुकीत तडकलेली, गारांनी फुटलेली, मागचा प्लास्टिकचा थर भेगाळलेली पॅनेल आजच बाजूला पडत आहेत, आणि ती भंगार म्हणून जो जास्त भाव देईल त्याला विकण्याचा मोह मोठा आहे. खरी मेख या भावातच आहे.

वीस किलोच्या पॅनेलमध्ये साधारण पंधरा किलो काच, दोन किलो ॲल्युमिनियमची चौकट आणि दोन किलोंच्या आसपास प्लास्टिक असते. उरलेल्यात सिलिकॉन, थोडे तांबे, काही ग्रॅम चांदी आणि डाखातले शिसे. चौकट पान्याने वा पहारीने निघते, मागची डबी व केबल कापली की तांबे हाती येते. भंगारवाल्याचा धंदा येथेच संपतो. बाकीचे सोळा-सतरा किलो त्याच्या दृष्टीने ओझे.

हे ओझे सुटे होत नाही, कारण काच, सिलिकॉनच्या चकत्या आणि मागचा थर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकने एकजीव चिकटवलेले असतात. हे प्लास्टिक एकदा भट्टीत पक्के झाले की पुन्हा वितळत नाही. ते सोडवायला बंद भट्टीत सुमारे पाचशे अंश उष्णता द्यावी लागते, किंवा तापलेल्या पात्याने काच सोलावी लागते, किंवा सगळे भरडून चाळावे लागते. भरडणे स्वस्त, पण त्यातून मिळणारी काच मळकट असते आणि चांदी भुकटीत हरवते. चांदी मिळवायची तर पुढे नायट्रिक आम्ल लागते. आम्ल आले की सांडपाण्याची प्रक्रिया आली, धुराडे आले, खर्च आला. फ्रान्समध्ये रुसे येथे २०१८ मध्ये आणि ला म्यूर येथे २०२३ मध्ये पॅनेल-पुनर्प्रक्रियेचे कारखाने सुरू झाले, पण युरोपात पॅनेल परत घेण्याचा खर्च २०१२ च्या निर्देशानुसार उत्पादकावर आहे.

आपल्याकडे काय? २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत सौर पॅनेलचा समावेश आहे, हे खरे. पण फ्रीज-संगणकांसाठी वर्षागणिक पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य आहे, तसे पॅनेलसाठी नाही. उत्पादकाने २०३४-३५ पर्यंतचा पॅनेल-कचरा साठवून ठेवावा, असे बंधन आहे! साठवणे म्हणजे सोडवणे नव्हे. नियम पाळणारा कारखानदार भट्टीचा खर्च मोजतो, म्हणून तो भंगारवाल्याइतका भाव देऊ शकत नाही, आणि माल गल्लीत जातो.

बंगळूरच्या गौरीपाळ्या, नायंडहळ्ळी भागांतील गल्ल्यांत ई-कचरा कसा फोडला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे पॅनेल गेले तर काय होईल? मागच्या थरात बहुधा फ्लोरीनयुक्त प्लास्टिक असते. ते उघड्यावर जाळले की हायड्रोजन फ्लोराइडचा विषारी वायू निघतो, तो फुप्फुस जाळतो. शिवाय फुटके पॅनेलही उन्हात वीज निर्माण करतच राहते. ते पालथे घातल्याशिवाय वा झाकल्याशिवाय तार कापणाऱ्या कामगाराला झटका बसू शकतो. याचे शिक्षण त्याला कोण देतो?

त्याच नियमांत राज्य सरकारवर अशा कामगारांची नोंदणी, त्यांचे गट बांधणे, प्रशिक्षण आणि आरोग्य-सुरक्षेची दरवर्षी तपासणी ही जबाबदारी टाकलेली आहे. कर्नाटकातील व महाराष्ट्रातील आमच्या संघटनांनी हेच कलम हाती धरावे. आणि ज्या कोणी "आम्ही पॅनेलची पुनर्प्रक्रिया करतो" असा फलक लावला असेल, त्याच्या दारात वजनाचा कागद मागावा. आत किती टन आले, ॲल्युमिनियम किती गेले, आणि काच किती, कोणत्या कारखान्याला, कोणत्या चलनाने गेली? शंभर टन पॅनेल आत आले असतील तर सत्तर-पंचाहत्तर टन काच कागदावर दिसलीच पाहिजे. केवळ ॲल्युमिनियम व तांब्याची बिले दाखवली गेली, तर उरलेला माल कोणत्या खड्ड्यात गेला हे विचारण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.