शून्याचा हट्ट आणि चार रकाने

सर्व योजनांचा शून्यापासून फेरविचार करण्याची भाषा या आठवड्यात पुन्हा ऐकू आली आणि शंकरराव चव्हाणांच्या ‘झिरो बजेट’चा दाखलाही ओघाने आलाच, मात्र १९८६ च्या त्या प्रयोगाच्या दोन तपे आधी वॉशिंग्टनमध्ये काय घडले होते, याचे स्मरण कोणालाही झाले नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६२ मध्ये शून्याधारित अंदाजपत्रक, म्हणजे मागील तरतूद गृहीत न धरता प्रत्येक कार्यक्रमाची गरज नव्याने सिद्ध करणारे अंदाजपत्रक, तयार करून पाहिले. कर्मचारी कित्येक आठवडे राबले, कागदांचे ढीग साचले. पुढे राज्यशास्त्रज्ञ ॲरन विल्डाव्स्की आणि आर्थर हॅमंड यांनी संबंधितांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा या खटाटोपामुळे झालेले म्हणता येतील असे बदल अगदी किरकोळ निघाले. बहुतेक खर्च कायद्यानेच बांधलेला असल्याने ‘हा कार्यक्रम हवाच का’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, आणि सगळ्या कार्यक्रमांची एकमेकांशी तुलना करण्याइतका वेळही कोणाकडे नव्हता. अशा स्थितीत मागील वर्षाची रक्कम पाया धरून केवळ वाढीव भागावर वाद घालणे, यालाच वृद्धिवाद म्हणतात. चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ मध्येच त्याला चाचपडत पुढे सरकण्याची रीत ठरवले होते, आणि तीत त्यांना शहाणपणही दिसले होते.

मुंबईतील चित्र वेगळे नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे गतवर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि आगामी वर्षाचा अंदाज असे चार रकाने असतात, त्यामुळे चौथा आकडा पहिल्या तिघांच्या सावलीतच जन्मतो. एखाद्या कार्यालयाच्या १०० रुपयांपैकी ८० रुपये वेतन, निवृत्तिवेतन आणि सुरू कामांच्या देण्यांत अडकले असतील, तर खरी चर्चा २० रुपयांवर होते. त्यांतही ‘नवीन बाब’ ठरणाऱ्या खर्चाला स्वतंत्र मान्यता लागते, जुन्या बाबीला मात्र कोणी जाब विचारत नाही. उरलेला निधी ३१ मार्चला परत केला, तर गरजच नव्हती असा निष्कर्ष निघून पुढील पाया खचतो. म्हणूनच मार्चएन्डची खुर्च्या-खरेदी दरवर्षी भक्तिभावाने पार पडते.

मोठी उडी कधी पडतच नाही, असे मात्र नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२४ मध्ये वार्षिक ४६,००० कोटी रुपयांचा अंदाज एका झटक्यात मांडला गेला, पण तो कोणत्याही शून्याधारित छाननीतून आला नव्हता, तो निवडणुकीच्या तोंडावर आला होता. आणि चार रकान्यांत एकदा शिरल्यानंतर तीही आता जुनी बाब झाली आहे.