ईद ३१ मार्चला की १ एप्रिलला? घराचं कॅलेंडर आणि चाँदवर ठरणारे दिवस

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, दादीच्या डॉक्टरची वेळ, सगळं त्याच चौकटीत पेन्सिलीनं लिहिलेलं. त्यात एकच अडचण आहे. ते फक्त स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या अब्बांना किंवा वसतिगृहातल्या मुलाला ते दिसत नाही. म्हणून हल्ली बऱ्याच घरांत फोनवर सामायिक कॅलेंडर सुरू झालं आहे. एकानं नोंद केली की सगळ्यांच्या फोनवर दिसते.

पण त्याबद्दलचे सल्ले मी वाचते, तेव्हा त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सणाची तारीख वर्षाच्या सुरुवातीला एकदा भरली की काम झालं, असं ते गृहीतक. आपल्या घरात तसं होत नाही. आपले महिने चाँद दिसल्यावर सुरू होतात. महिना २९ चा की ३० चा, हे २९ तारखेच्या संध्याकाळी कळतं. त्यामुळे माझं म्हणणं असं आहे की आपल्या घरच्या कॅलेंडरात नक्की दिवसांइतकीच अनिश्चित दिवसांनाही नीट जागा हवी, आणि ते नक्की कोण करणार त्याचं नाव हवं.

२०२५ ची रमजान ईद उदाहरणाला घेऊ. समजा घर सोलापुरात आहे. अम्मी शिक्षिका, अब्बा पुण्यात नोकरीला, मोठी मुलगी दहावीत, धाकटा सहावीत, आणि दादी. त्या वर्षी आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला झाला. म्हणजे २९ वा रोजा ३० मार्चला, रविवारी. त्याच दिवशी गुढीपाडवाही होता. त्या संध्याकाळी चाँद दिसला तर ईद ३१ मार्चला, नाही दिसला तर १ एप्रिलला.

आता अब्बांच्या तिकिटाकडे बघा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. अब्बांना शनिवारी, २९ मार्चला पुण्याहून निघायचं असेल तर आरक्षण २८ जानेवारीला सकाळी ८ वाजता उघडणार. त्या दिवशी आपल्याकडे रजब चालू होता. शाबानचा चाँदही दिसायचा होता, रमजानचा तर फार लांब. पण पाडव्यासाठी गावी जाणाऱ्यांची तिकिटं त्याच सकाळी निघणार. ईद नक्की झाल्यावर तिकीट काढू म्हणणाऱ्याला तत्काळ नाही तर एसटी, एवढेच पर्याय उरतात.

म्हणून कॅलेंडरात ईदची एक नोंद पुरत नाही. मी तीन नोंदी सुचवीन. पहिली नोंद ईदची, दोन दिवस पसरलेली: ‘ईद, ३१ मार्च किंवा १ एप्रिल, चाँदवर’. एका दिवसावर ‘ईद’ लिहिलं की घरातली मंडळी तो दिवस पक्का धरून चालतात. रजेचा अर्ज त्याच दिवसाचा जातो आणि पाहुण्यांनाही तोच दिवस सांगितला जातो. दोन दिवस दिसले की आपोआप दोन दिवसांचा विचार होतो. दुसरी नोंद २८ जानेवारीची: ‘सकाळी ८, जाण्याचं तिकीट, अब्बा’. तिसरी ३० मार्चच्या मगरिबनंतरची: ‘चाँदची खबर आली की ईदची नोंद पक्की करायची, थोरली’. ती खबर आपल्या मशिदीतून किंवा हिलाल कमिटीच्या ऐलानातून येईल. थोरलीनं एवढंच करायचं की दोन दिवसांची नोंद उघडून एका दिवसाची करायची. पुण्यातल्या चाचांपासून वसतिगृहातल्या चुलतभावापर्यंत सगळ्यांना मग तोच दिवस दिसतो.

परतीचं तिकीट उशिराच्या शक्यतेप्रमाणे धरावं. ईद १ एप्रिलला झाली असती तर अब्बांना २ तारखेच्या आधी निघता आलं नसतं. म्हणून परतीचं तिकीट २ एप्रिलचं, ते १ फेब्रुवारीला उघडणार, आणि रजेचा अर्जही १ आणि २ एप्रिलचा. प्रत्यक्षात ३० मार्चला चाँद दिसला आणि ईद ३१ ला झाली. अब्बांना बासी ईदचा दिवसही घरी मिळाला. उलट झालं असतं, तर ईदच्या दुपारीच बॅग भरावी लागली असती.

इथे फोनच्या हिजरी तारखेबद्दल सांगायला हवं. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये इंग्रजी तारखेशेजारी हिजरी तारीख दाखवण्याची सोय आहे. ती जरूर चालू करा, रोजच्या वापराला बरी आहे. पण ती गणितानं काढलेली तारीख असते, आणि त्यातला उम्मुल कुरा हा पर्याय सौदी अरबच्या कॅलेंडरप्रमाणे चालतो. २०२५ मध्ये त्या हिशेबानं ईद ३० मार्चला होती. त्या दिवशी आपल्याकडे रोजा होता. त्या आकड्यावरून तिकीट काढलं तर एक दिवसाचा फरक पडतो.

सगळे सण मात्र इतके अडचणीचे नसतात. बकरी ईद जिलहिजच्या १० तारखेला येते, त्यामुळे महिन्याचा चाँद दिसला की नऊ-दहा दिवस हातात असतात. २०२५ मध्ये २८ मेच्या संध्याकाळी चाँद दिसला आणि ७ जूनची बकरी ईद ठरली. रजा आणि पाहुणे ठरवायला तेवढा वेळ पुरतो. मीलादची गोष्ट आणखी वेगळी. २०२४ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांत सरकारनं ईद-ए-मीलादची सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ सप्टेंबरला नेली, कारण १७ ला अनंत चतुर्दशी होती. सणाचा दिवस आणि शाळेच्या सुट्टीचा दिवस वेगळे होऊ शकतात. म्हणून कॅलेंडरात त्या दोन नोंदी वेगळ्याच ठेवाव्यात.

हे कॅलेंडर उभं कसं करायचं? संगणकाच्या ब्राउझरमध्ये calendar.google.com उघडून ‘घर’ नावाचं नवीन कॅलेंडर तयार करा. मग त्याच्या सेटिंगमध्ये घरच्यांचे ईमेल पत्ते घालून प्रत्येकाला Make changes to events ही परवानगी द्या. गूगलच्या कुटुंब-गटातून आपोआप मिळणारं कॅलेंडरही चालतं, पण त्या गटात जास्तीत जास्त सहा जण बसतात. दादा, चाचा, फूफी धरली की आपली घरं सहावर थांबत नाहीत.

बहुतेक घरांत हे दोन ठिकाणी अडतं. एक, ज्याला परवानगी दिली त्याला ईमेल येतो आणि त्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्याशिवाय कॅलेंडर त्याच्या फोनवर येत नाही. ‘मला काहीच दिसत नाही’ असं कोणी म्हणालं तर आधी तो ईमेल शोधायला सांगा. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. नवीन नोंद करताना फोन ती बहुधा स्वतःच्या वैयक्तिक कॅलेंडरातच टाकतो. लिहिणाऱ्याला नोंद दिसते, बाकी कोणाला नाही, आणि दोघेही आपलं खरं म्हणून भांडतात. यावर उपाय रंगाचा. ‘घर’ला एक ठळक रंग द्या. नोंद त्या रंगात दिसली नाही तर ती घरच्यांपर्यंत पोहोचलेली नाही. शिवाय आठवणीची घंटी प्रत्येकाला आपापल्या फोनवर लावावी लागते. अम्मीनं लावलेली घंटी अब्बांच्या फोनवर वाजत नाही.

आणि हीच गोष्ट फोनच्या बाहेरही खरी आहे. आपल्या घरांत ‘अम्मीला विचार’ हेच खरं कॅलेंडर असतं. पालकसभा कधी, दादीची रक्ततपासणी कधी, इंजेक्शन कधी, सगळं तिच्या डोक्यात. सामायिक कॅलेंडर आलं आणि त्यात फक्त तीच लिहीत राहिली, तर तिचं काम कमी होत नाही. आधी ती तोंडी सांगायची, आता टाइपही करते. शाळेत पालकसभेला बहुतेक अम्मीच येतात. वडिलांना विचारलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. ते खोटं नसतं. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्यांचा नंबरच नसतो.

म्हणून माझ्या मते नियम दोनच हवेत. ज्याला खबर मिळाली त्यानंच ती लिहायची, मग तो सहावीतला मुलगा का असेना. आणि प्रत्येक नोंदीत काम करणाऱ्याचं नाव हवं. ‘पालकसभा, शनिवार १० वाजता’ असं लिहिलं की घरातला प्रत्येक जण ते वाचतो आणि अम्मी जाईल असं समजतो. ‘पालकसभा, शनिवार १० वाजता, अब्बा’ असं लिहिलं की विचारायचं काही उरत नाही. नाव नसलेली नोंद म्हणजे अम्मीचं काम, हे आपल्या घरांचं न लिहिलेलं व्याकरण आहे. ते बदलायचं तर नाव लिहावंच लागेल.

सगळंच मात्र ‘घर’मध्ये टाकू नये. बाईच्या दवाखान्याची भेट, मुलीच्या तब्येतीची गोष्ट ज्याची त्याला ठाऊक असलेली बरी. नोंदीवर Private असं लिहिता येतं, पण ज्यांना त्या कॅलेंडरात बदल करायची परवानगी आहे त्यांना ती तरीही वाचता येते. अशी नोंद आपल्या वैयक्तिक कॅलेंडरातच ठेवावी, आणि ‘घर’मध्ये फक्त ‘अम्मी ४ ते ६ बाहेर, धाकट्याला दादी बघणार’ एवढं लिहावं. वयात आलेल्या मुलीचा प्रत्येक तास तपासायला हे कॅलेंडर वापरलं, तर ती त्यात खरं लिहिणं थांबवेल आणि ते कोणाच्याच उपयोगाचं राहणार नाही.

राहिल्या दादी. त्यांना फोनचा स्क्रीन वाचवत नाही, आणि घरात ईदच्या तयारीची सगळ्यात जास्त काळजी त्यांनाच असते. रविवारी ईशानंतर धाकट्यानं फोन उघडून पुढच्या आठवड्याच्या नोंदी भिंतीवरच्या कालनिर्णयात पेन्सिलीनं उतरवाव्यात. चाँदवर अवलंबून असलेल्या दिवशी दोन्ही चौकटींत प्रश्नचिन्ह काढावं. दादींना ते लगेच समजतं. चाँदची वाट बघायची सवय त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जुनी आहे.