तेल महागलं म्हणून ऑर्डर रद्द करता येते का?

करारातली कलमं समजावून सांगताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या करारात फोर्स मेजरचं कलम आहे. मग कच्चा माल महागला तर आम्ही सुटलो ना?"

माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही, बहुतेक वेळा सुटत नाही. आणि या कलमावर विसंबून भाव ठरवणं ही छोट्या उद्योजकाची महागडी चूक आहे. का, ते एका उदाहरणावरून बघू.

समजा, तुमचा फरसाणचा छोटा कारखाना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका कंपनीकडून तुम्ही दिवाळीची ऑर्डर घेतली. २,००० किलो फरसाण, १७० रुपये किलो, म्हणजे ३ लाख ४० हजारांचं काम. तुमचा नफा धरा १० टक्के, म्हणजे ३४ हजार. एवढ्या मालाला ६०० किलो तेल लागेल, म्हणजे १५ किलोचे ४० डबे. डबा तुम्ही १,६०० रुपयांनी धरलाय.

आता खरी घडलेली गोष्ट. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारनं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. रिफाइंड पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क १३.७५ टक्क्यांवरून ३५.७५ टक्क्यांवर गेलं. आपल्या हिशेबात डबा २,१०० झाला असं धरू (डब्याचे भाव मी समजायला सोपे घेतलेत). डब्यामागे ५०० रुपये जास्त, ४० डब्यांचे २० हजार. नफा ३४ हजारांवरून १४ हजारांवर आला.

तुम्ही करार काढता. त्यात लिहिलंय: "पूर, भूकंप, युद्ध, संप, सरकारी आदेश किंवा नियंत्रणाबाहेरील इतर कारणामुळे पुरवठा करणे अशक्य झाल्यास पुरवठादार जबाबदार राहणार नाही." तुम्हाला वाटतं, शुल्कवाढ म्हणजे सरकारी आदेशच की! ती माझ्या नियंत्रणाबाहेर आहे. झालं, सुटलो.

थांबा. त्या वाक्यातला वजनदार शब्द "सरकारी आदेश" नाही, "अशक्य" आहे. सरकारनं तुम्हाला फरसाण बनवायला बंदी केली का? नाही. तेल बाजारात मिळतंय का? मिळतंय, फक्त महाग मिळतंय. म्हणजे काम महाग झालं, अशक्य झालं नाही. उद्या डबा २,६०० झाला आणि तुम्ही सरळ तोट्यात गेलात, तरी उत्तर हेच राहतं.

हे फक्त माझं मत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ मध्ये करारानंतर काम अशक्य किंवा बेकायदेशीर झालं तर करार संपतो, असं आहे. पण महागाईला न्यायालयं अशक्य मानत नाहीत. 'एनर्जी वॉचडॉग' खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल बघा. मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांना इंडोनेशियाचा कोळसा लागायचा. तिथल्या सरकारनं नियम बदलून निर्यातीचे भाव आंतरराष्ट्रीय भावांशी जोडले आणि कोळसा एकदम महागला. कंपन्या म्हणाल्या, हे फोर्स मेजर आहे. न्यायालयानं ते मानलं नाही. काम जास्त खर्चाचं झालं म्हणून करार संपत नाही. शिवाय त्यांच्या करारातच इंधनाच्या भावातला बदल या कलमातून वगळलेला होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही, ते आपल्या २० हजारांच्या फरकाला कसं जमेल?

काहींना हे अन्यायाचं वाटतं. मला वाटत नाही. तुम्ही कधीतरी खरेदीदारही असता. तुमचा पॅकिंगवाला ऐन दिवाळीत म्हणाला, "कागद महागला, करार रद्द," तर चालेल तुम्हाला? ठरलेला भाव म्हणजे चढ-उताराची जोखीम तुम्ही घेतली. भाव उतरला असता तर फरक तुम्ही कंपनीला परत केला असता का?

बरं, भाव सोडा. मालच आला नाही तर? इथे उत्तर जरा वेगळं आहे, पण तेही वाटतं तितकं सोपं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. अशा वेळी तुमचा टेम्पो अडकला, तर पूर तुमच्या कलमात नावानिशी आहे आणि माल पोचवणं खरंच थांबलंय. इथे कलम कामाला येईल. पण रस्ता सुरू झाला की तुमची जबाबदारीही पुन्हा सुरू होते. साधारणपणे अशा कलमानं मुदत वाढते, ऑर्डर आपोआप रद्द होत नाही. आणि कलमात "सात दिवसांत लेखी कळवावे" असं असेल, तर त्या सात दिवसांत कळवाच. नुसता फोन करून भागत नाही.

याउलट, तुमचा एकच तेलवाला म्हणाला, "माल नाही," तर? समोरचा विचारेल, बाजारात दुसरा तेलवाला नव्हता का? होता, तर तुम्ही त्याच्याकडून घ्यायला हवं होतं. तुमच्या पुरवठादारानं दगा दिला हा तुमचा प्रश्न झाला, ग्राहकाचा नाही. तुम्ही माल दिला नाही आणि कंपनीनं दुसरीकडून १९० नं घेतला, तर किलोमागचे २० रुपये ती तुमच्याकडे मागू शकते. २,००० किलोचे झाले ४० हजार. तेलाच्या फरकाच्या दुप्पट!

अजून एक गोष्ट लोक वाचतच नाहीत: कलम कुणासाठी लिहिलंय? एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन असताना पोलाद आयात करणारे काही व्यापारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. मालाचे पैसे द्यायचे थांबवा, हे फोर्स मेजर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं दिलासा दिला नाही. त्याचं एक कारण म्हणजे करारातलं ते कलम फक्त विकणाऱ्याला लागू होतं, घेणाऱ्याला नाही. मोठ्या कंपनीच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असंच एकतर्फी कलम असू शकतं. सही करण्याआधी पान उलटा.

मग महागाईवर उपाय काय? भावासाठी वेगळं कलम लिहा. आपल्या फरसाणसाठी ते असं असेल:

"हा दर तेलाचा १५ किलोचा डबा १,६०० रुपये धरून ठरवला आहे. डब्याच्या घाऊक भावात १० टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाल्यास, प्रत्येक ५० रुपयांच्या फरकामागे फरसाणचा दर किलोमागे १ रुपयाने वर किंवा खाली बदलेल. घाऊक व्यापाऱ्याचे बिल पुरावा म्हणून दिले जाईल."

हिशेब करून बघा. डबा ५०० नं वाढला, तर दर १० रुपयांनी वाढला. २,००० किलोचे २० हजार. तुमचा फरक पूर्ण भरून निघाला, आणि भांडण न करता. "किंवा खाली" हे शब्द मात्र काढू नका. त्यांच्यामुळेच समोरचा खरेदी अधिकारी या कलमाला हो म्हणण्याची शक्यता वाढते.

तो नाहीच म्हणाला तर? मग दोनच रस्ते. ऑर्डर पक्की झाल्या दिवशीच ४० डब्यांचा भाव तेलवाल्याशी बांधून घ्या, नाहीतर १७० ऐवजी जोखीम धरून दर सांगा. तेही जमत नसेल, तर ती ऑर्डर सोडलेली बरी.

आज एक काम करा. तुमच्या चालू ऑर्डरचा कागद काढा आणि फोर्स मेजरच्या कलमात "अशक्य" हा शब्द आहे का ते शोधा. असेल, तर भाववाढीचं ओझं तुमच्याच डोक्यावर आहे असं समजून हिशेब मांडा. रक्कम मोठी असेल तर सहीआधी वकिलाला दाखवा. सहीनंतर दाखवून फारसं काही हातात उरत नाही.