मृताचा लॉकर : यादीत काय लिहिले जाते आणि काय राहून जाते

लॉकरधारकाच्या मृत्यूनंतर बँकेचा लॉकर उघडताना आत सापडलेल्या वस्तूंची यादी करणे बँकेवर बंधनकारक आहे. ही यादी म्हणजे वारसांमधील वाटपाचा दस्तऐवज, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती बँकेच्या सुटकेची पावती असते. पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक तंट्यांचे मूळ या एका गैरसमजात आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपूर येथील एका विधवा महिलेचे निधन झाले. लॉकर केवळ त्यांच्या नावावर होता आणि नामनिर्देशन इंदूरला राहणाऱ्या धाकट्या मुलाच्या नावे होते. थोरला मुलगा पुण्यात, तर मुलगी हैदराबादला असते. मृत्युपत्राचा ठावठिकाणा नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार तिन्ही अपत्यांचा आईच्या मालमत्तेत समान, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे. लॉकर उघडण्याचा अधिकार मात्र धाकट्या मुलाचा आहे, आणि तो त्याला एकट्याला आहे.

हा अधिकार बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधील कलम ४५-झेडई याने दिला आहे. नामनिर्देशित व्यक्तीला लॉकरमधील वस्तू नेऊ देण्यापूर्वी बँकेने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या पद्धतीने यादी करावी, त्या व्यक्तीची स्वाक्षरी घ्यावी आणि यादीची प्रत तिला द्यावी, असे हे कलम सांगते. वस्तू नेल्या की बँकेची जबाबदारी संपते. मात्र वस्तू नेणाऱ्या व्यक्तीविरुद्ध इतरांचे जे हक्क असतील ते या कलमाने बाधित होत नाहीत. धाकटा मुलगा दागिने स्वीकारतो तो मालक म्हणून नव्हे, तर सर्व वारसांच्या वतीने. बँकेतील ठेवींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार प्रकरणी हीच भूमिका घेतली होती : नामनिर्देशित व्यक्तीला पैसे स्वीकारण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही.

हैदराबादच्या मुलीला शंका आली आणि तिने शाखेला ‘माझ्या संमतीशिवाय लॉकर उघडू नये’ असे पत्र पाठवले, तर काय होईल? काहीही होणार नाही. कलम ४५-झेडएफ नुसार लॉकरधारकाखेरीज अन्य कोणाच्या दाव्याची सूचना बँकेवर बंधनकारक नसते. सक्षम न्यायालयाचा आदेश सादर झाला तरच बँकेला त्याची दखल घ्यावी लागते. अशा वेळी शाखाधिकाऱ्यावर संताप व्यक्त केला जातो, परंतु त्याचे हात कायद्यानेच बांधलेले असतात.

आता प्रत्यक्ष यादीकडे वळू. धाकटा मुलगा दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या ओळखीचा पुरावा सादर करतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये जारी केलेल्या निर्देशांनुसार सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा तपासून यादी करण्याची तारीख ठरवण्यासाठी दावेदाराशी संपर्क साधला पाहिजे. बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून कागदपत्रे दिल्याची तारखेसह पोच घेणे अगत्याचे आहे. मुदतीची मोजणी तिथूनच सुरू होते.

ठरलेल्या दिवशी किल्ली हजर असेल तर लॉकर बँकेच्या किल्लीच्या जोडीने उघडला जातो. किल्ली सापडत नसेल तर तो तोडावा लागतो आणि त्याचा खर्च दावेदारावर पडतो. दोहोंपैकी काय घडले, याचीही नोंद यादीत होते.

रिझर्व्ह बँकेच्या नमुन्यात यादीचे रकाने तीनच आहेत : अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन आणि ओळखीचे अन्य तपशील, असल्यास. किमतीचा रकाना नाही, वजनाचाही नाही. हे स्वाभाविकच आहे. बँकेचा अधिकारी सराफ नव्हे, आणि वस्तू सोन्याची आहे असे लिहून देणे म्हणजे तिची हमी घेणे, अशी त्याची धास्ती असते. परिणामी ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग चार’ अशी नोंद होऊ शकते. आईच्या पाटल्या सहा तोळ्यांच्या होत्या की तीन, हे त्या नोंदीवरून कोणालाही सिद्ध करता येणार नाही. तिसरा रकाना रिकामा राहू न देणे, हाच यावरचा उपाय. हॉलमार्कचा क्रमांक, खड्यांची संख्या, तुटलेला फासा, कोरलेली अक्षरे हे तपशील तिथे नोंदवण्याचा आग्रह धरता येतो.

सर्वात नाजूक बाब मोहोरबंद पाकिटांची आहे. लॉकरमध्ये सापडलेली बंद पाकिटे उघडण्याची बँकेला आवश्यकता नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. यादीत फक्त ‘मोहोरबंद पाकीट, एक’ इतकेच येते आणि ते तसेच नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती जाते. त्यात मृत्युपत्र असू शकते, मुदत ठेवीच्या पावत्या असू शकतात किंवा जुनी पत्रेही असू शकतात. धाकट्या मुलाने ते घरी एकट्याने उघडले, तर आत जे निघाले तेवढेच होते, यावर भावंडांनी विश्वास ठेवण्याखेरीज मार्ग उरत नाही. त्याच्या स्वतःच्या हिताच्या दृष्टीनेही हे धोक्याचे आहे. पाकिटाचा आकार, त्यावरील मजकूर आणि मोहोर शाबूत असल्याचा उल्लेख यादीत करून घ्यावा, आणि पाकीट तिघांच्या उपस्थितीतच फोडावे.

नामनिर्देशन असताना यादीच्या वेळी उपस्थित राहण्याचा आपसूक हक्क अन्य वारसांना नाही. त्यांना हजर ठेवायचे असेल तर नामनिर्देशित व्यक्तीने ते आधीच बँकेला लेखी कळवावे. तेही जमले नाही, तर त्याच दिवशी दागिने सराफाकडे तोलून घ्यावेत, वजनाची चिठ्ठी यादीच्या प्रतीला जोडावी आणि तिघांनी त्यावर स्वाक्षऱ्या कराव्यात. कायदा असे करण्यास सांगत नाही. तरीही बँकेची यादी जिथे थांबते, तिथून पुढचा पुरावा हाच असतो.

नामनिर्देशनच नसेल तर चित्र बदलते. दावा न करणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र, तसेच वारस कोण याबद्दल दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचे प्रतिज्ञापत्र, अशी कागदपत्रे द्यावी लागतात. इथे एक चूक वारंवार होते. लॉकरसाठी म्हणून न्यायालयात ‘उत्तराधिकार प्रमाणपत्रा’चा अर्ज केला जातो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे हे प्रमाणपत्र येणी व रोख्यांसाठी असते. लॉकरमधील दागिने या दोहोंत बसत नाहीत. वारसांत वाद असेल तर वकिलाशी प्रशासनपत्र अथवा दिवाणी दाव्याविषयी बोलावे, अन्यथा बराच काळ चुकीच्या अर्जात जातो.

१ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, मात्र ते क्रमाने लागू होते : पहिली व्यक्ती हयात नसेल तरच दुसरीचा अधिकार सुरू होतो. ठेवींप्रमाणे टक्केवारीने वाटणी करण्याची सोय लॉकरला नाही. त्यामुळे नागपूरच्या त्या आईने तिन्ही मुलांची नावे दिली असती, तरी लॉकर उघडायला एकालाच जावे लागले असते.

वस्तू नेल्यानंतर लॉकर परत केल्यास आगाऊ भरलेल्या भाड्यापैकी उरलेल्या काळाची रक्कम बँकेने परत करायची असते. लॉकर पुढे चालू ठेवायचा असल्यास नवा करार आणि ओळखीची नव्याने पडताळणी लागते. आईच्या जुन्या कराराखाली तो वापरता येत नाही.