शनिवारचं कडवं

काशीदच्या एका पाचवीतल्या मुलाची कविता या आठवड्यात दोन रूपांत माझ्याकडे आली. एक त्यानं वहीत लिहिलेली, दुसरी बालकविता स्पर्धेच्या परीक्षकांनी ‘सुधारून’ छापलेली. कवितेचा विषय साधा आहे: मुलगा शाळेतून येतो तेव्हा दुपारी घरचा कुत्रा फाटकाशी वाट बघत असतो. छापलेलं रूप वाचून मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

मुलाच्या वहीत पाच कडवी आहेत. पहिल्या दोनांत रोजची दुपार येते. त्याचं घर अलिबाग-मुरूड रस्त्याला लागून आहे. गाडी वळणावर आली की कुत्र्याचे कान उभे राहतात, पण पर्यटकांच्या गाडीला तो उठत नाही, एसटीलाच उठतो. फाटकाच्या खालच्या फळीला त्याच्या नाकानं एक काळपट ओला डाग पडला आहे. आई तो पुसते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पडतो. मग येतं शनिवारचं कडवं. शनिवारी शाळा सकाळची असते, मुलगा दुपारच्या आधीच घरी येतो. फाटक सताड उघडं असतं, कारण मुंबई-पुण्याचे पाहुणे खोल्या बघायला आलेले असतात. कुत्रा पडवीत गाढ झोपलेला असतो. मुलगा त्याच्या अंगावरून पलीकडे जातो, मग कुत्रा धडपडत उठतो आणि आधी फाटकाकडे धावतो. तिथून परत येतो आणि मुलाचे पाय हुंगतो.

परीक्षकांनी हे कडवं काढून टाकलं. इमानी कुत्रा धन्याच्या वेळेला झोपलेला दाखवणं बरं दिसत नाही, हे एक कारण त्यांनी दिलं. दुसरं असं की शनिवार वृत्तात बसत नाही. त्याच्या जागी त्यांनी स्वतःचं कडवं घातलं. त्यात मुलगा शिकायला शहरात जातो, कुत्रा पावसात भिजत फाटकाशी बसून राहतो आणि तिथेच प्राण सोडतो. शेवटच्या दोन ओळी माणसानं कुत्र्याकडून निष्ठा शिकावी असं सांगतात.

वृत्ताचं आधी मिटवू. कविता पादाकुलकाच्या चालीवर आहे, म्हणजे ओळीत सोळा मात्रा, आठ-आठच्या दोन भागांत. ‘शनिवारी’ या शब्दात श आणि नि यांची एकेक, वा आणि री यांच्या दोन-दोन, अशा सहा मात्रा होतात. त्यापुढे ‘तो’ ठेवला की आठ पुऱ्या. ‘गाढ झोपला’ यातही तीन, तीन आणि दोन मिळून आठच. ‘शनिवारी तो गाढ झोपला’ ही सोळा मात्रांची बिनतक्रार ओळ आहे आणि ती बोटांवर मोजून बघता येते. मुलाची स्वतःची ओळ एका मात्रेनं लांबली होती. एक शब्द बदलून ती जुळली असती, त्यासाठी अख्खं कडवं कापायची गरज नव्हती.

आता निष्ठेचं. कुत्र्याची कविता म्हटली की आपल्याला मेलेला धनी लागतो. रायगड जिल्ह्यात तर हे साहजिकच, कारण गडावर १९३६ पासून वाघ्याचा पुतळा उभा आहे. महाराजांच्या चितेत उडी घेणारा वाघ्या इतिहासात होता की नाही, हा वाद सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात मी आज शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच की ती कथा एका क्षणाची आहे. पोवाड्याला तसा क्षण हवाच असतो. रोज दुपारी घडणारी गोष्ट पोवाड्यात मावत नाही.

परीक्षकांनी गिरवलेला नमुना मात्र वाघ्याचा नसून हाचिकोचा आहे. जपानमधला हा कुत्रा तोक्योच्या शिबुया स्टेशनवर धन्याची वाट बघत असे. त्याची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. त्याचे धनी हिदेसाबुरो उएनो शेतकी विषयाचे प्राध्यापक होते. १९२४च्या सुरुवातीला पिल्लू त्यांच्या घरी आलं आणि २१ मे १९२५ रोजी ते वारले. त्यानंतर हाचिको जवळजवळ दहा वर्षं स्टेशनवर येत राहिला. १९३२मध्ये वर्तमानपत्रात त्याच्याविषयी छापून आलं, १९३४मध्ये तो जिवंत असतानाच पुतळा बसला आणि मार्च १९३५मध्ये तो गेला. जगाला ठाऊक आहेत ती ही दहा वर्षं.

त्याआधीचं सव्वा-दीड वर्ष कुणाला ठाऊक आहे? त्या काळात तो कुत्रा स्टेशनवर जायचा आणि त्याचा माणूस गाडीतून खरोखर उतरायचा. दोघं मिळून घरी चालत जायचे. त्याबद्दल ना बातमी आली, ना पुतळा झाला. आणि नंतरची दहा वर्षं त्या दिवसांच्या सवयीतूनच आली. माणूस रोज आला म्हणून कुत्र्याला वाट बघायची सवय लागली. आपण मात्र सवयीचं फळ तेवढं उचललं आणि ती कशी लागली ते सोडून दिलं. काशीदच्या मुलानं नेमकं तेच सोडलेलं लिहिलं आहे. त्याच्या कवितेत येणारा माणूस रोज येतो. ‘रोज येतो’ हे कवितेत पेलणं मरणाची ओळ लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण रडवण्याची सोय त्यात नसते. प्रत्येक कडव्यात तीच दुपार आणायची आणि तरी काहीतरी हललं पाहिजे. हे जमवायला बघण्याची नजर लागते.

ती नजर या मुलाकडे आहे याचा पुरावा शनिवारचं कडवंच देतं. कुत्र्याला वेळ कशी कळते, याबद्दल अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं एक तर्क मांडला आहे: माणूस घराबाहेर पडला की त्याचा वास घरात हळूहळू विरत जातो, आणि तो अमुक इतका विरला की माणूस यायची वेळ झाली, असं कुत्र्याला कळत असावं. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. पण तो धरला तर शनिवार आपोआप उलगडतो. मुलगा लवकर परततो तेव्हा त्याचा वास अजून पुरेसा विरलेला नसतो. एसटीही वेगळ्या वेळची. कुत्र्याच्या लेखी मुलगा अजून यायचाच आहे, म्हणून तो निवांत झोपतो आणि जाग आल्यावर सवयीनं आधी फाटकाकडे धावतो. दहा वर्षांच्या मुलानं तर्क वाचलेला नाही, त्यानं कुत्रा बघितला आहे. खोट्या कवितेतला कुत्रा शनिवारीही चुकत नाही. तो कधी चुकतो हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच तो खरा पाहिलेला असतो. म्हणून त्या झोपेत मला बेइमानी दिसत नाही. बाकीच्या पाच दिवसांवर विश्वास बसतो तो याच झोपेमुळे.

परीक्षकांनी आपलं कडवं मागं घ्यावं आणि मुलाच्या नावानं मुलाचीच कविता छापावी, ही माझी मागणी आहे. मूळ कविता निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. चौथ्या कडव्यातला समुद्र आणि मावळता सूर्य पाठ्यपुस्तकातून आलेत, ते जावेत. दुपारच्या कवितेत मावळत्या सूर्याला कामही नाही. शनिवार तिसऱ्या जागी आहे तो तिथंच बरा, कारण त्यानंतर शेवटचं कडवं सोमवारचं येतं. कुत्रा पुन्हा वेळेवर फाटकाशी असतो, आणि दोन दिवसांत वाळलेल्या फळीवर नवा डाग पडायला लागतो.