जूनचा गल्ला आणि वर्षाचा हिशेब

जूनमध्ये शिकवणी वर्गाच्या गल्ल्यात जमणारी सारी रक्कम उत्पन्न नसते. तीस विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांचे प्रत्येकी ५० हजारांप्रमाणे ३० लाख रुपये जमले, असे समजू. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत असेल, तर वर्गाचे सुमारे २५ लाख ४२ हजारच. तीन शिक्षकांना दरमहा प्रत्येकी ४० हजार आणि जागेचे भाडे ५० हजार, म्हणजे वर्षाला २० लाख ४० हजार गेले. उरलेल्या पाच लाखांत वीजबिल, छपाई, जाहिरात! केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मध्येच वर्ग सोडणाऱ्यास उर्वरित काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावयाचे आहे. सहामाहीला दहा विद्यार्थी गेले, तर अडीच लाख परत द्यावे लागतात. पगार, भाडे तेवढेच राहते. त्याआधीच दुसऱ्या सहामाहीच्या शुल्कातून नव्या जागेची अनामत भरणारा वर्गचालक इथेच अडकतो.